गेट-टुगेदरची तारीख: विचारायचं कुणाला आणि काय

प्रश्न: "आमची दहावी २००१ ची, कोल्हापूरची शाळा. ग्रुपवर ७६ जण आहेत. निम्मे पुण्या-मुंबईत, नऊ-दहा परदेशात, बाकीचे इथंच. पंचवीस वर्षं झाली म्हणून येत्या डिसेंबरात, २०२६ ला, गेट-टुगेदर करायचंय. व्हॉट्सॲपवर तीनदा पोल टाकला, तिन्ही वेळा वेगळी तारीख निघाली. जागेवरून तर भांडणच चालू आहे: कुणाला पन्हाळा, कुणाला गोवा, कुणाला शहरातलाच हॉल. एकदाचं ठरवायचं कसं?"

तुमच्या पोलमध्ये बिघाड नाही, प्रश्नात आहे. "कुठली तारीख आवडेल?" असं विचारलं की माणूस त्या मिनिटाला जे बरं वाटतं ते दाबतो आणि चहा प्यायला निघून जातो. आवडणं वेगळं आणि यायला जमणं वेगळं. तुम्हाला खरं तर एवढंच कळायला हवं की कुठल्या तारखेला कोण येऊच शकत नाही. हे आजवर कुणी विचारलेलंच नाही, म्हणून दरवेळी ग्रुपवर त्या दिवशी जागे असलेल्यांची तारीख निघते.

गेल्या बारा-तेरा वर्षांत मी सहा मेळाव्यांत हात घातलाय. दोन आमच्याच बॅचचे, एक बायकोच्या कॉलेजचा, बाकीचे ओळखीपाळखीतले. पहिला सपशेल फसला होता. तेव्हा ग्रुपवर पोल नव्हते. नावांची यादी फिरायची, आपलं नाव खाली जोडायचं आणि पुढं टाकायची. दोघांनी एकाच वेळी जोडलं की याद्या दोन व्हायच्या आणि सहा नावं गायब. तशातूनही आम्ही नोव्हेंबरअखेरचा एक रविवार काढला, जल्लोष झाला, केकचे फोटो पडले. मग हॉल बघायला निघालो तर तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, लग्नसराई सुरू, एकही कार्यालय मोकळं नाही. तारीख बदलली, आणि बदलल्याबरोबर ज्यांनी तिकिटं काढली होती ते रुसले. शेवटी आलो एकोणीस जण. तेव्हापासून माझा नियम असा की हॉलवाल्याला फोन केल्याशिवाय कुठलीही तारीख लोकांपुढं ठेवायची नाही.

आता तुमच्या कामाचं. बॅच वीस-पंचवीस जणांची असेल तर पोलच्या भानगडीत पडू नका, दोन संध्याकाळी फोन केले की ठरतं. सगळे कोल्हापूर-इचलकरंजीतच असतील तर नुसतं जाहीर करा, लोक येतात. बॅच नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली असेल, मुलंबाळं नसतील, तर हिशोब निराळा. तुमच्या वयाच्या बॅचला मात्र सगळ्यात मोठी अडचण मुलांच्या शाळेची असते. नोकरीत रजा मिळते, पोराच्या परीक्षेतून मिळत नाही. म्हणून मी तुमच्यासारख्या विखुरलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या, पाऊणशे-ऐंशीच्या ग्रुपचंच सांगतो. उदाहरण आमच्या दुसऱ्या मेळाव्याचं, डिसेंबर २०२३ चं.

ग्रुपवर आम्ही ८२. कोल्हापूर आणि आसपास ३१, पुणे-मुंबई ३४, बंगळूर-हैदराबाद-नागपूरकडं ७ आणि परदेशात १०. या ८२ जणांना एकाच दिवशी एकच प्रश्न विचारणं हीच पहिली चूक, कारण त्यांच्या अडचणी एका मापाच्या नाहीत. शाहूपुरीतल्या मित्राला २३ तारीख काय आणि ३० काय. त्याचं उत्तर "सांगा की, येतो" एवढंच असतं. अमेरिकेतल्या मैत्रिणीला मात्र वर्षातून एकच दार उघडतं, मुलांच्या शाळेला सुट्टी असेल तेव्हाच. म्हणून तारीख ठरवताना आधी लांबच्यांना विचारायचं. जागेच्या वेळी बरोबर उलटं: जवळच्यांना आणि म्हाताऱ्या सरांना आधी. या क्रमावरच माझं सगळं काम चालतं.

मे महिन्यात आम्ही तिघांनी मिळून परदेशातल्या दहाही जणांना फोन केले. फोनच. मेसेजवर "बघतो" येतं आणि ते "बघतो" दिवाळीपर्यंत चालतं. "गेट-टुगेदरला येशील का?" असं विचारलंच नाही. विचारलं ते असं: "पुढच्या वर्षभरात तू भारतात एरवी कधी येणार आहेस? तिकीट काढलंयस का? घरच्यांची कामं, सासरची फेरी सोडून कोल्हापुरात किती दिवस हातात असतील?" फक्त गेट-टुगेदरसाठी समुद्र ओलांडणारा शंभरात एखादा. बाकीच्यांच्या ठरलेल्या फेरीत आपला दिवस बसवायचा असतो.

अमेरिकेत चौघं होते. त्यांतले तिघं नाताळच्या सुट्टीत येणार होते, चौथा त्या वर्षी येणारच नव्हता. इंग्लंडवालीही नाताळातच. जर्मनीतल्याला मुलं नाहीत, त्याला कधीही चालणार होतं. ऑस्ट्रेलियात डिसेंबर-जानेवारी म्हणजे उन्हाळ्याची मोठी सुट्टी, त्यामुळं ती नाताळाआधी येऊन जानेवारीच्या मध्यापर्यंत राहणार होती. आखातातल्या तिघांपैकी दोघं मात्र जुलै-ऑगस्टमध्येच येतात, कारण तिकडच्या शाळांची मोठी सुट्टी तेव्हा. तिसरा चार दिवसांची रजा काढून कधीही यायला तयार. म्हणजे नाताळच्या आगेमागे सात जण मिळत होते. जुलै-ऑगस्टमध्ये तीन-चार, आणि तेव्हा इथं पाऊस. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं आणि गाड्या दोन्ही बाजूंना अडकल्या होत्या. असली जोखीम कोण घेणार? दहा फोनमध्ये वर्षाचे बावन्न आठवडे तीन-चारवर आले.

यावर इथली मंडळी कुरकुरतात. आमच्यातही एकजण म्हणालाच, "परदेशवाल्यांचेच लाड. आम्ही काय मोकळे बसलोय?" त्याला मी सांगितलं, तुझं काही जात नाही बाबा, तुझ्या हातात जागा आहे, जेवण आहे, वेळ आहे. त्या सात जणांच्या हातात फक्त तारीख आहे. हे ग्रुपवर मोकळेपणानं लिहून टाकलं की कुरबुर बरीच शमते. लपवलं की वाढते.

त्यानंतर हॉलवाल्यांना फोन. डिसेंबरचा तिसरा आठवडा आधीच गळला, कारण अमेरिकेतल्या शाळा तेव्हा सुरूच असतात. उरलेल्यांत तीन शनिवार-रविवार असे मिळाले जिथं जागा मोकळ्या होत्या: २३-२४ डिसेंबर, ३०-३१ डिसेंबर आणि ६-७ जानेवारी. तिन्हींना एका हॉलवर पंधरा दिवस तोंडी अडवून ठेवलं. ओळखीचा माणूस असला तर बिनपैशाचं होतं, नसला तर थोडी रक्कम ठेवावी लागते. एवढं झाल्यावर मग फॉर्म.

व्हॉट्सॲपचा पोल यासाठी मी वापरत नाही. त्यात `Allow multiple answers` चालू ठेवलं तरी कुणी काय दाबलं ते सगळ्यांना दिसतं. पहिल्या तासात वर्गातल्या दोन दांडग्या आवाजांनी एका तारखेला दाबलं की मागचे वीस त्याच्यावरच. आणि "मला शक्य नाही" हे चारचौघांत सांगायला लोक कचरतात. बायकांचं तर मी बघितलंय, "घरी विचारून सांगते" हे ग्रुपवर कोण लिहील? त्या गप्पच राहतात आणि आपण समजतो त्यांना रस नाही. म्हणून गूगल फॉर्म. त्यात `Multiple choice grid` नावाचा प्रकार आहे: आडव्या ओळींत तारखा, उभ्या रकान्यांत उत्तरं. `Require a response in each row` चालू करायचं, म्हणजे प्रत्येक तारखेबद्दल उत्तर द्यावंच लागतं. उत्तरं तीनच: "नक्की येईन", "जमवीन", "शक्य नाही". मधलं उत्तर ठेवायलाच हवं. ते नसलं की धड हो नाही, धड नाही नाही अशी माणसं घाबरून "नाही"कडं जातात.

तारीख लिहिताना एक बारीक गोष्ट. पहिल्या मसुद्यात मी "६/१" लिहिलं होतं. अमेरिकेतल्या मित्रानं विचारलं, "जून का रे? तुम्ही तर डिसेंबर म्हणत होता." तिकडं महिना आधी लिहितात. तेव्हापासून "शनिवार, ६ जानेवारी २०२४" असं वारासकट. फॉर्म बंद व्हायची वेळही "रविवारी रात्री ९, भारतातली वेळ" अशी. त्या वेळी अमेरिकेत रविवारची सकाळ असते, त्यांना झोपेतून उठून भरायला तेवढा वेळ मिळतो.

मेसेज आम्ही असा टाकला होता, हवा तर उचला:

"मंडळी, तीन तारखा आहेत, तिन्हींना हॉल मोकळा आहे. आवडती कुठली ते नको, प्रत्येक तारखेला येता येईल का तेवढंच सांगा. तुमचं उत्तर फक्त आम्हा तिघांना दिसेल. रविवारी रात्री ९ ला (भारतातली वेळ) फॉर्म बंद. ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांना फोन येईल, आणि फोन लांबतो हे तुम्हाला माहीत आहे."

दहा दिवस दिले. जास्त देऊन उपयोग नसतो, लोक पहिल्या दोन दिवसांत भरतात नाहीतर शेवटच्या संध्याकाळी. आठवणही ग्रुपवर ओरडून द्यायची नाही. तुकडी अ, ब, क अशी वाटणी करून प्रत्येकी आठ-दहा नावं आपल्यातल्याच एकेकाला दिली. जुन्या बाकावरच्या मित्राचा मेसेज टाळता येत नाही.

८२ पैकी ६४ उत्तरं आली. नुसत्या "नक्की येईन"कडं बघितलं तर ३०-३१ डिसेंबर पुढं होता: ३८ जण. २३-२४ ला ३४. तुमच्यासारखा साधा पोल घेतला असता तर वर्षअखेरची तारीख लागली असती आणि ढोल वाजले असते. पण त्याच तारखेला "शक्य नाही" म्हणणारे २२ होते. घरच्यांबरोबर बेत ठरलेले, हॉटेलांचे दर चढलेले, पन्हाळ्यावर खोली मिळायची मारामार. २३-२४ ला "शक्य नाही" फक्त १३. आणि ६-७ जानेवारीलाही १३.

आता हे दोन तेरा सारखे आहेत का? इथं यादी उघडून नावं बघावी लागतात, आकड्यावर थांबायचं नाही. शीटमध्ये मी एवढंच करतो (सी रकान्यात गाव-गट, ई रकान्यात त्या तारखेचं उत्तर):

```
=COUNTIF(E2:E83,"शक्य नाही")
=COUNTIFS(C2:C83,"परदेश",E2:E83,"शक्य नाही")
```

दोन्ही तेरांत तिघं सामाईक निघाले, साखर कारखान्यातले. डिसेंबर-जानेवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम, त्यांना तिन्ही तारखांना "शक्य नाही"च. जो सगळ्याच तारखांना नाही म्हणतो तो तारीख निवडायच्या कामात मोजायचा नाही, त्याची सोय वेगळी बघायची. हे तिघं दुपारच्या जेवणाला तासभर येऊन गेले, शिफ्टच्या मधे. उरले दहा-दहा. जानेवारीच्या दहांत चौघं परदेशातले होते, कारण तिकडच्या शाळा नववर्ष उजाडल्याबरोबर सुरू होतात आणि त्यांची परतीची विमानं दोन-तीन तारखेची. २३-२४ च्या दहांत परदेशातलं एकही नाही. पाच जणांचे जोडून सुट्टीमुळं कुठंकुठं जायचे बेत, दोघं हॉटेल व्यवसायातले (नाताळच्या गर्दीत गल्ला सोडून कसे येणार?) आणि तिघांची घरची कारणं. तारीख तिथंच ठरली, २३-२४. २५ ला सोमवारची नाताळची सुट्टी होती, त्यामुळं पुणे-मुंबईकरांना परतायलाही निवांतपणा.

जे अठरा जण गप्प होते त्यांना फोन केले. अकरा सापडले. त्यांतले सात म्हणाले, "अरे कधीही ठेवा, येतोय की, त्यात फॉर्म काय भरायचा." हे सातही कोल्हापूर जिल्ह्यातले. चौघांना यायचंच नव्हतं, का ते मी विचारलं नाही. गप्प बसणाऱ्याला "नाही" धरलं असतं तर मोजदाद चांगलीच चुकली असती, आणि "हो" धरलं असतं तरीही.

२ जुलैला तारीख जाहीर केली आणि त्याच मेसेजमध्ये लिहिलं की आता ही बदलणार नाही. कुणी कितीही हळहळलं तरी बदलायची नाही. एकदा बदलली की पुढच्या तारखेवरही कुणी विश्वास ठेवत नाही, तिकीट काढत नाही. इतक्या आधी जाहीर करायचं कारणही तिकिटंच. नाताळची विमानं उन्हाळ्यातच महाग व्हायला लागतात. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा १२० होतं. मुंबईकडून महालक्ष्मी एक्सप्रेसनं येणाऱ्यांना तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवायला सांगा, नाताळच्या आठवड्यात ती लगेच भरते.

जागेचं आता. गोव्याचा विषय आमच्याकडंही निघाला होता आणि "कुठं आवडेल?" असा प्रश्न असता तर गोवाच जिंकला असता. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर आम्ही प्रश्न असा ठेवला: "इथं ठेवलं तर तू येशील का?" आणि खाली शहर, पन्हाळा, गोवा, प्रत्येकासमोर तीच तीन उत्तरं. वेगळा एक प्रश्न आवडीचाही होता, गंमत म्हणून. गोवा आवडतो म्हणणारे ३१ आणि गोव्याला नक्की येणारे १८. त्या १८ मध्ये कोल्हापूरचे फक्त तीन! म्हणजे गोव्याला गेलो असतो तर ज्या गावात शिकलो त्या गावातलेच वगळून. हे आकडे ग्रुपवर टाकल्यावर गोव्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

पन्हाळा आणि शहर यांतला तिढा जरा नाजूक. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर, तासाभरात पोचतो, हवा झकास, सगळ्यांना हवाच असतो. पण फॉर्ममध्ये आणखी तीन प्रश्न होते आणि जागा खरी त्यांनीच ठरवली. रात्री राहणार की त्याच दिवशी परतणार? एकटे येणार की घरच्यांसह? आणि एका माणसामागं जास्तीत जास्त किती खर्च चालेल? हा शेवटचा प्रश्न खासगीतच हवा. आमच्यात एकाची बागायत आहे आणि एकजण रिक्षा चालवतो. ग्रुपवर "तीन हजार चालतील ना?" असं विचारलं तर रिक्षावाला मित्र अंगठा दाखवेल आणि त्या दिवशी आजारी पडेल. खासगीत विचारल्यावर कळलं की एक हजाराच्या वर अकरा जणांना जड जातंय. मग मुख्य कार्यक्रम हजारात बसवला, वरचा भार ज्यांना झेपतो त्यांनी न बोलता उचलला.

रात्री राहायला तयार २७ जण. बाकीच्यांना घरी परतायचं होतं, त्यांत इथल्या मैत्रिणी जवळजवळ सगळ्या. अंधारात घाट उतरून यायचं म्हटलं की त्या येणारच नाहीत, आणि हे कारण तोंडानं कुणी सांगणार नाही. फॉर्ममधल्या "त्याच दिवशी परतणार" या उत्तरावरून ते ओळखायचं. शिवाय चार शिक्षक, सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे. त्यांना मी घरी जाऊन विचारलं. आमच्या गणिताच्या बाई म्हणाल्या, "गाडीत बसवून नेशील रे, पण दोन तासांच्या वर मला बसवत नाही. आणि पायऱ्या असल्या तर सांग आधी." बाईंच्या त्या पायऱ्यांवर हॉल ठरला. तळमजला, दारापर्यंत गाडी, शाळेपासून चालत पाच मिनिटं.

शेवटी असं केलं: शनिवारी संध्याकाळी ज्यांना हवं ते पन्हाळ्यावर, मुक्काम, शेकोटी, रात्रभर गप्पा. रविवारी सकाळी खाली उतरून दहाला शाळेच्या पटांगणावर, मुख्याध्यापकांची परवानगी आधी काढून. अकराला हॉल, शिक्षकांचा सत्कार, मग जेवण. मुख्य जेवण रविवारी ठेवण्यामागं आणखी एक कारण: आपल्याकडं शनिवार पाळणारे पुष्कळ. पंगतीला तांबडा-पांढरा असेल तर वार बघूनच ठेवावा लागतो, नाहीतर अर्धे जण बटाट्याची भाजी खात बसतात आणि पुढची दहा वर्षं ऐकवतात.

किती ताटं सांगायची, हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. आमचं आलं ते असं: "नक्की येईन" म्हटलेल्या ३४ मधले ३१ आले. "जमवीन" म्हटलेल्या १७ मधले नऊ. फोनवर "येतोय की" म्हटलेल्या सातांतले पाच. वर चार असे, ज्यांनी काहीच कळवलं नव्हतं किंवा नाही म्हटलं होतं, त्यांत ते शिफ्टमधले तिघं. एकूण ४९. केटररला मी ५० चं सांगितलं होतं. हा एकाच मेळाव्याचा हिशोब आहे, पण "नक्की"वाले बहुतेक सगळे आणि "जमवीन"वाले निम्मे, हा अंदाज मला नंतरही उपयोगी पडलाय. ऑगस्टमध्ये पाचशे रुपये आगाऊ घेतले होते, तेव्हाच अंदाज बराच पक्का झाला होता. रक्कम छोटीच ठेवा. ती खर्चासाठी नसते, माणसानं मनाशी ठरवलंय का ते कळायला असते. ज्यांना हजार जड जात होते त्यांच्याकडून ती मागितलीच नाही, नुसतं नाव लिहून घेतलं.

तुमच्या डिसेंबरबद्दल: २०२६ ला नाताळ शुक्रवारी आहे, म्हणजे २५ ते २७ सलग तीन दिवस सुट्टी. परदेशातल्यांना सोयीचं, पण अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरून येणाऱ्यांची त्या तीन दिवसांत झुंबड असते, लॉजचे दरही तसेच. मुक्कामाच्या खोल्या धरल्याशिवाय ती तारीख फॉर्ममध्ये घालू नका. आधीचा शनिवार-रविवार १९-२० आहे, तो अमेरिकेतल्यांना तिकडून निघायला जमेल का ते फोनवर विचारा. शुक्रवारी संध्याकाळी तिकडून निघालेला माणूस मुंबईत शनिवारी रात्री नाहीतर रविवारी उतरतो, आणि त्याला लगेच कोल्हापूरच्या गाडीत घालणं म्हणजे हाल. आणि जे पोल झालेत ते विसरून जा, त्यांतलं एकही मत नव्या मोजणीत धरू नका. आधी तुमच्या त्या नऊ-दहांना फोन करा, या आठवड्यात.

राहिले आमचे आखातातले ते दोघं, ज्यांना डिसेंबर जमणार नव्हता. तारीख जाहीर करायच्या आधी मी त्यांना फोन करून सांगितलं, ग्रुपवरून कळू दिलं नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते आले तेव्हा धो-धो पाऊस होता. आम्ही अकरा जण सकाळी आठला मिसळ खायला बसलो, दुपारी बारापर्यंत उठलो नाही, आणि हॉटेलवाल्यानं शेवटी पंखा बंद केला.